स्ट्रेच मार्क्सचं तेल घेताय? आधी बाटली उलटी करा

डोहाळजेवणाच्या भेटींमध्ये हल्ली साडीच्या जोडीला स्ट्रेच मार्क्सच्या तेलाची एखादी बाटली हमखास असते. आमच्या लालबागच्या मेडिकलमध्ये या तेलांचा आणि क्रीमचा वेगळा कप्पाच करावा लागला आहे. काउंटरवर येणाऱ्या बायका किंमत विचारून झाली की एकच प्रश्न विचारतात, "हे लावलं तर येणार नाहीत ना?" तशी खात्री देणारं तेल किंवा क्रीम आजवर तरी नाही. पण सगळ्या बाटल्या सारख्याही नसतात. कशाला पैसे द्यायचे, कशाला नाही, हे दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत कळू शकतं. ते कसं, तेवढंच इथे सांगते. मुख्यतः गरोदर बायकांसाठी लिहिते आहे, कारण या बाटल्या सर्वांत जास्त त्याच घेतात.

तेल कुठवर पोचतं

आपल्याला दिसते ती त्वचा म्हणजे वरचा पातळ पापुद्रा. त्याच्याखाली जाड थर असतो आणि त्यात कोलॅजन व इलॅस्टिनचे तंतू असतात. त्वचेला ताण सोसण्याचं बळ या तंतूंमुळे मिळतं. पोट झपाट्याने वाढतं, त्याच वेळी हार्मोन बदलतात, आणि या खालच्या थरातले तंतू ताणले जाऊन ठिकठिकाणी तुटतात, विस्कटतात. स्ट्रेच मार्क म्हणजे या आतल्या जखमेचा व्रण. सुरुवातीला तो लालसर दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतो. काही महिन्यांनी, कधी वर्षभराने, रंग उतरतो आणि चंदेरी-पांढरट, किंचित खोलगट रेघ उरते.

तेल मात्र वरच्या पापुद्र्यातच काम करतं. तिथलं पाणी उडू देत नाही, त्यामुळे त्वचा मऊ राहते, ओढल्यासारखं वाटत नाही आणि खाज कमी होते. हे काम खरं आहे आणि सातव्या-आठव्या महिन्यात त्याची किंमत कळते. पण खालचे तंतू शिवून देणं त्याच्या हातात नाही.

डब्यावर 'कोलॅजनयुक्त' लिहिलेलं असेल तर तिथे थोडं थांबा. त्वचेतून सहज आत शिरणारा रेणू साधारण ५०० डाल्टनपेक्षा लहान असावा लागतो; डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप. कोलॅजनचा अखंड रेणू तीन लाख डाल्टनच्या आसपास. त्याचे बारीक तुकडे करून घातले तरी ते बहुतेक वरच बसतात आणि त्वचेत ओलावा धरून ठेवतात. आत जाऊन तुटलेल्या कोलॅजनची जागा घेत नाहीत.

मग काहींना येतात आणि काहींना अजिबात नाहीत, असं का? बराचसा भाग आनुवंशिक असतो. आईला, सख्ख्या बहिणीला आले असतील तर तुम्हालाही येण्याची शक्यता जास्त. गरोदर बाई लहान वयाची असेल, तिचं वजन बरंच वाढलं असेल, बाळ मोठं असेल, तरीही शक्यता वाढते. "अगं, खाजवू नकोस, ओरखडे उठतील" हे घरोघरी ऐकू येतं, पण स्ट्रेच मार्क्स खाजवल्याने येत नाहीत. खाजवल्याने सालं निघतात, जंतुसंसर्ग होतो, त्यासाठी ते टाळावं इतकंच.

पहिली पायरी: मागची यादी वाचा

एक नेहमीचा नमुना घेऊ. सातव्या महिन्यातली एक गिऱ्हाईक भेट आलेली बाटली घेऊन आली होती, सोबत सासूबाई. बाटली २०० मिलीची. पुढे केशराच्या काड्या आणि बदामांचं चित्र, खाली 'शिया बटर व व्हिटॅमिन ई'. मागची यादी अशी: पॅराफिनम लिक्विडम, आयसोप्रोपिल मायरिस्टेट, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, परफ्यूम, प्रुनस अमिग्डालस डल्सिस ऑइल, टोकोफेरिल अ‍ॅसिटेट, ब्युटिरोस्पर्मम पार्कीआय बटर, रेटिनिल पामिटेट, क्रोकस सटायव्हस एक्स्ट्रॅक्ट.

आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सर्वांत जास्त ते पहिलं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. एवढं माहीत असलं की ही यादी बोलायला लागते.

पॅराफिनम लिक्विडम म्हणजे खनिज तेल, लहान मुलांच्या बऱ्याच मालिश तेलांत असतं तेच. ते घातक नाही, उलट त्वचेतलं पाणी धरून ठेवायला उत्तम आणि ॲलर्जी क्वचितच करणारं. त्यानंतरचे दोन घटक तेलाचा चिकटपणा कमी करतात. चौथा परफ्यूम. सुगंध अशा तेलात साधारणपणे टक्का-अर्धा टक्काच घालतात. प्रुनस अमिग्डालस डल्सिस, म्हणजे बदामाचं तेल, त्याच्याही मागे आहे. म्हणजे ते सुगंधाइतकंच किंवा त्याहून कमी असणार, नाहीतर दोन्ही एक टक्क्याच्या आतले असणार. २०० मिलीचा एक टक्का म्हणजे २ मिली. चहाचा चमचा ५ मिलीचा धरला तर अख्ख्या बाटलीत अर्धा चमचाही बदाम तेल नाही. ब्युटिरोस्पर्मम म्हणजे शिया बटर आणि क्रोकस म्हणजे केशर, दोन्ही त्याच्याही मागे, नावापुरते.

ती यादी बोटाने दाखवत मी समजावलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या वेळचं खोबरेल काय वाईट होतं?" काहीच वाईट नव्हतं. खोबरेल, गोडं बदाम तेल, तिळाचं तेल, खनिज तेल ही सगळी त्वचा मऊ ठेवायचं काम जवळपास सारखंच करतात. भेटीची बाटली फेकून द्यायची गरज नव्हती, पण ती संपल्यावर तीच पुन्हा विकत घ्यायचीही गरज नव्हती.

आणखी एक बारीक गोष्ट. यादीच्या शेवटच्या टोकाला रेटिनिल पामिटेट होतं. तो व्हिटॅमिन ए चा प्रकार आहे. त्वचेवर लावलेला त्याचा किती थोडा अंश रक्तात जातो ते पाहता नकळत लागल्याने घाबरून जायचं कारण नाही. पण ज्या घटकाचा फायदा दिसत नाही आणि ज्याच्या भाऊबंदांना गरोदरपणात डॉक्टर मनाई करतात, तो महिनोन्‌महिने पोटावर चोळण्यात काय हशील? रेटिनॉल, रेटिनाल्डिहाइड, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापॅलीन ही नावं दिसली तर गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात ती बाटली बाजूला ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

तेल आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जात असेल तर लेबल वेगळं दिसतं: दर १० मिलीत कोणती वनस्पती किती, आणि शेवटी तिळाचं तेल 'क्यू. एस.', म्हणजे उरलेलं माप भरेपर्यंत. तिथे लिहिलेलं वजन तेल सिद्ध करताना घातलेल्या वनस्पतीचं असतं. गाळल्यानंतर त्यातलं किती तेलात उतरलं हे त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरी पायरी: कोणत्या घटकामागे काय पुरावा आहे

कोको बटरपासून सुरू करू, कारण त्याची जाहिरात सर्वांत जुनी. लेबनॉन आणि जमैकामध्ये गरोदर बायकांवर त्याच्या चाचण्या झाल्या. अर्ध्या बायकांना कोको बटरचं क्रीम आणि अर्ध्यांना दिसायला तसंच पण कोको बटर नसलेलं क्रीम. दोन्ही गटांत स्ट्रेच मार्क्स सारखेच आले. ऑलिव्ह तेलाच्या चाचण्यांतही वेगळं काही निघालं नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा सहा चाचण्या एकत्र तपासल्या, मिळून ८०० बायका. निष्कर्ष असा की, गरोदरपणात लावायचं कोणतंही क्रीम किंवा तेल स्ट्रेच मार्क्स रोखतं असं म्हणायला भक्कम पुरावा नाही.

सेंटेला एशियाटिका, म्हणजे आपली मंडूकपर्णी, हल्ली प्रत्येक दुसऱ्या ट्यूबवर असते. तिच्या बाजूने एक छोटी चाचणी नेहमी पुढे केली जाते. ती पूर्ण करणाऱ्या ८० बायकांपैकी क्रीमवाल्या गटात साधारण ३४ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात ५६ टक्क्यांना मार्क्स आले. आकडा आशादायक आहे. पण त्या क्रीममध्ये व्हिटॅमिन ई आणि कोलॅजन-इलॅस्टिनचे तुकडेही होते, त्यामुळे श्रेय मंडूकपर्णीचं की आणखी कशाचं, हे सांगता येत नाही. आणि त्या ट्यूबमध्ये जेवढी होती तेवढीच तुमच्या ट्यूबमध्ये आहे का, हे लेबल सांगत नाही.

व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून पोटावर चोळणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. तेलाच्या बाटलीत ते मुख्यतः तेल खवट होऊ नये म्हणून असतं आणि तिथे ते ठीक आहे. थेट, दाट लावण्याचा अनुभव मात्र वेगळा आहे. अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या व्रणांवर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात व्हिटॅमिन ई ने व्रण सुधारले नाहीत, आणि सुमारे तिघांपैकी एकाला त्या जागी ॲलर्जीचं पुरळ आलं. ते व्रण स्ट्रेच मार्क्स नव्हते, पण ताणल्या गेलेल्या पोटावर ही जोखीम कशाला घ्यायची?

मालिशबद्दल मात्र एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात पहिलटकरणींचे तीन गट केले. एका गटाने बदामाचं तेल लावून पंधरा मिनिटं मालिश केलं, दुसऱ्याने तेल नुसतं लावलं, तिसऱ्याने काहीच केलं नाही. मालिश करणाऱ्यांत मार्क्स साधारण निम्म्या प्रमाणात आले. नुसतं तेल लावणाऱ्या आणि काहीच न लावणाऱ्या गटांत जवळपास फरक नव्हता. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नसल्यामुळे या निकालावर फार भार टाकता येत नाही, पण फरक पडला असलाच तर तो हाताचा दिसतो, तेलाच्या महागपणाचा नाही. हलक्या हाताने, पोट न दाबता रोज चोळायला खर्च नाही. आठव्या महिन्यात कुणी जोरात पोट रगडत असेल तर तिला थांबवा, आणि प्लॅसेंटा खाली असणं किंवा रक्तस्राव असली तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ट्रेटिनॉइनचं नाव वर आलंच आहे. लालसर, ताज्या मार्क्सवर ०.१ टक्का ट्रेटिनॉइन क्रीमने २४ आठवड्यांत फरक पडल्याचं १९९६ च्या एका छोट्या चाचणीत दिसलं. मार्क्सची लांबी सरासरी १४ टक्क्यांनी घटली. म्हणजे रेघ पुसली गेली नाही, थोडी आखूड झाली. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, बाळंतपण आणि अंगावर पाजणं संपल्यावर. जुन्या पांढऱ्या मार्क्सवर त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

तिसरी पायरी: दाव्याची उलटतपासणी

'९४% महिलांना फरक जाणवला' असं डब्यावर छापलेलं असतं. 'जाणवला' हा शब्द नीट वाचा. बहुधा काही बायकांना बाटली देऊन शेवटी एक प्रश्नावली भरून घेतलेली असते. बायका किती होत्या, किती आठवडे लावलं, आणि तुलना कशाशी केली, हे तीन प्रश्न विचारा. त्यातला तिसरा सर्वांत महत्त्वाचा. कारण बाळंतपणानंतर सहा ते बारा महिन्यांत मार्क्सचा रंग आपोआप उतरतो. त्या काळात तुम्ही काहीही लावलं, अगदी साधं पाणी लावलं, तरी 'आधी' आणि 'नंतर' चे फोटो छान येणार. वेळ जे करते त्याचं बिल बाटली फाडते.

फोटोतली दुसरी चलाखी उजेडाची. खिडकीतून आडवा उजेड पडला की प्रत्येक खाचेची सावली पडते आणि रेघा ठळक दिसतात. समोरून सपाट उजेड टाकला की त्याच रेघा गायब होतात. घरी बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली आणि मग दुपारी खिडकीशी उभ्या राहून स्वतःच्या मांडीचे दोन फोटो काढून बघा.

'डर्मॅटोलॉजिकली टेस्टेड' म्हणजे त्वचेवर लावून त्रास होतो का हे पाहिलं, एवढंच बहुतेक वेळा. मार्क्स जातात, असं त्यातून सिद्ध होत नाही. 'नैसर्गिक' चाही अर्थ सौम्य असा घेऊ नका. लव्हेंडर, रोझमेरी, संत्र्याच्या सालीचं तेल ही सगळी नैसर्गिकच, आणि काहींना यांनीच पुरळ येतं. जाहिरात फारच उघड खोटी वाटली तर जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

चौथी पायरी: किंमत मिलीमध्ये बघा

डब्यावर एमआरपीच्या जवळ दर मिलीची किंमत छापलेली असते. ती बघा. समजा, ६० मिलीची बाटली ४८० रुपयांना, तर ८ रुपये मिली. शेजारी ५०० मिलीचं साधं खनिज तेल किंवा खोबरेल ३०० रुपयांना असेल तर ६० पैसे मिली. पोट, कंबर, मांड्या, छाती असं सगळीकडे दिवसातून दोनदा लावायचं तर एका वेळी सहा-सात मिली सहज लागतं. महाग बाटली पाच दिवसांत संपेल, म्हणून बाई थेंब-थेंब लावते आणि कोरडेपणा तसाच राहतो. स्वस्त तेल हात सैल सोडून लावता येतं. माझ्या मते महाग तेलाविरुद्धचा हा सर्वांत मोठा मुद्दा आहे, आणि जाहिरातीत तो अर्थातच सापडत नाही.

पाचवी पायरी: मुंबईच्या हवेत लावणं

आंघोळीनंतर अंग अर्धवट ओलं असताना पातळ थर लावा, म्हणजे त्वचेतलं पाणी अडतं. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, लोकलच्या गर्दीत जाणार असाल तर सकाळी तेलाऐवजी हलकं, सुगंध नसलेलं लोशन बरं. तेलकट थरावर घाम आणि वरून घट्ट लेगिंग असलं की घामोळं येतं, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या उठतात. तेल रात्रीसाठी ठेवा आणि चादर जुनी घाला.

नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला, पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा असं सात दिवस लावून बघा. लाली, खाज, पुरळ आलं तर थांबा. बाटलीला खवट वास आला, रंग गडद झाला, तर ती टाका. गॅसजवळच्या किंवा बाथरूमच्या फळीवर ठेवलेलं तेल लवकर बिघडतं.

बाळंतपणानंतर खरंच काही फायदा होतो का हे पाहायचं असेल तर कंपनीने जे करायला हवं होतं ते स्वतः करा. पोटाच्या फक्त डाव्या बाजूला ते क्रीम लावा, उजव्या बाजूला साधं तेल. आठ ते बारा आठवडे. दर चार आठवड्यांनी एकाच जागी, एकाच वेळी, एकाच उजेडात फोटो. शेवटी ज्याला बाजू माहीत नाहीत अशा कुणाला तरी फोटो दाखवा आणि कोणती बाजू बरी हे विचारा. दोन्ही सारख्याच उतरल्या असतील तर क्रीमचे पैसे वाचले.

तेलाने झाकू नये असं काही

शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय खूप खाजतात, रात्री जास्त, आणि पुरळ काहीच दिसत नाही, असं असेल तर तेल लावत बसू नका. त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा. यकृतातल्या पित्ताचा प्रवाह अडखळल्याने असं होऊ शकतं आणि त्याची रक्ततपासणी करतात. बाळाच्या दृष्टीने ती महत्त्वाची असते. मार्क्सवरच लाल उंचवटे उठले आणि बेंबीभोवतीची जागा तेवढी मोकळी राहिली, तर तो गरोदरपणातला वेगळाच त्वचाविकार असू शकतो. तो सहसा घातक नाही, पण त्यासाठी औषध लागतं.

गरोदर नसलेल्यांसाठी एक इशारा, कारण पावसाळ्यात हे फार बघते. मांडीच्या सांध्यात गजकर्ण येतं, कुणीतरी सांगितलेली ट्यूब महिनोन्‌महिने लावली जाते. तिच्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असलं, म्हणजे स्टेरॉइड, तर त्वचा पातळ होते आणि जांघेत रुंद, खोल स्ट्रेच मार्क्स कायमचे पडतात. त्या जागी कोणतंही तेल लावण्याआधी ती ट्यूब त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ती कशी थांबवायची तेच सांगतील, आणि गजकर्णाचं औषधही वेगळं द्यावं लागेल. महापालिकेच्या केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. पांढऱ्या, जुन्या मार्क्ससाठी लेझर किंवा मायक्रोनीडलिंगचा विचार करत असाल तर तिथेच विचारा की तुमच्या रंगाच्या त्वचेवर नंतर काळे डाग पडण्याची जोखीम किती, आणि आधी छोट्याशा जागेवर करून दाखवतील का.